बर्लिनच्या भिंतींवरचे फोटो: खाली मराठीत काय लिहायचं?

रेषारंग

बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागातले भिंतींचे चोवीस फोटो गिरगावातल्या एका छोट्या हॉलमध्ये लावतोय. छपाई १२ बाय १८ इंच, प्रत्येकाखाली मराठी ओळ, जास्तीत जास्त पंधरा शब्द. फोटो काढणारा मित्र जर्मन वाचत नाही, मीही नाही. फोनमधल्या भाषांतराच्या अॅपने काम भागेल असं वाटलं होतं, पण चार ठिकाणी अडलंय.

फोटो ४: स्टेन्सिलने काढलेला शार्क, शेपटीकडून त्याच्या पिवळ्या चौकोनी कांड्या होत चालल्यात. वर मोठ्या अक्षरांत 'मीटहाये त्सू फिशश्टेपशेन'. अॅप म्हणतं: 'भाड्याचे शार्क फिश स्टिककडे'.

फोटो ९: 'डी हॉयझर डेनेन', पुढचं फ्रेमबाहेर गेलंय. अॅप म्हणतं: 'घरे मरा'.

फोटो १३: लाल रंगात फक्त ३६. बाकी काही नाही.

फोटो १७: ACAB आणि खाली बसलेली मांजर.

प्रत्येकी एक ओळ सुचवा. फोटो खाली जोडलेत.

ढोबळमानाने

सोप्पं आहे. ४ म्हणजे कर्ज देणारे सावकार, इंग्रजीत ज्यांना लोन शार्क म्हणतात तेच. ९ मध्ये कुणीतरी घरं पाडायला सांगतंय. ३६ ही तिथली टोळी आहे, नव्वदच्या दशकात गाजलेली. १७ म्हणजे पोलिसांना शिवी. 'सावकारांना तळून काढा', 'घरं पाडा', 'छत्तीस टोळी', 'पोलीस हरामखोर'. झालं.

सुलभाताई

आमच्या जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावल्यात, लोकांनी थुंकू नये म्हणून. बाहेरचा माणूस फोटो काढेल तर म्हणेल काय भक्ती! आणि गल्लीच्या तोंडाशी 'गधे के पूत, यहाँ मत मूत' आहे. हे प्रदर्शनात घ्यायचं असेल तर फोटो पाठवते. मराठीत भाषांतर हवं का त्याचं?

रेषारंग

ताई, प्रदर्शन बर्लिनच्या भिंतींचं आहे, मुंबईच्या नाही. पण टाइल्सचं उदाहरण चपखल आहे. माझी नेमकी तीच अडचण आहे, फक्त उलट्या दिशेने.

खिडकीतून

ढोबळमानाने यांचं अर्धं बरोबर आहे. 'हाय' म्हणजे शार्क, आणि कर्जवाल्या सावकाराला जर्मनमध्ये 'क्रेडिटहाय' म्हणतात. इथे मात्र पुढे 'मीट' आहे. 'मीटं' म्हणजे घरभाडं. म्हणून मीटहाय म्हणजे भाडेकरूंना पिळून काढणारा घरमालक किंवा कंपनी. शब्द बोलीतला आहे, पण शिवी नाही. जर्मन वर्तमानपत्रं तो मथळ्यात वापरतात.

अॅपचं 'भाड्याचे शार्क' सर्वात घातक, कारण ते मराठीत नीट वाचता येतं. भाड्याची सायकल, भाड्याचे शार्क. वाचणाऱ्याला वाटेल शार्क भाड्याने मिळतात. चूक दिसली असती तर कुणी दुरुस्त केली असती. इथे ती दिसतच नाही.

आता मधला 'त्सू'. अॅपने त्याचा 'कडे' केलाय. या घोषणेत त्याचा अर्थ आहे 'चं रूपांतर अमुकात'. त्यामागे एक जुनी घोषणा उभी आहे: 'श्वेर्टर त्सू फ्लूगशारेन', तलवारींचे नांगराचे फाळ. मूळ बायबलमधलं, मीखाच्या पुस्तकातलं. १९८०च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या शांतता चळवळीने ती कपड्यावर शिवायच्या बिल्ल्यांवर छापली. कापडावर, कारण कागदावर छापायला परवानगी लागायची. त्यामुळे जर्मन माणसाच्या कानात 'अमुक त्सू तमुक' हा साचा गंभीर, जवळजवळ धार्मिक वाजतो. त्या साच्यात शार्क आणि फिशफिंगर घातले की हसू येतं. विनोद शब्दात नाही, साच्यात आहे.

आपलं नशीब असं की मराठीत हाच साचा क्रियापदाशिवाय उभा राहतो. 'तलवारींचे फाळ.' 'राईचा पर्वत.' म्हणून 'करा', 'तळून काढा' वगैरे नको. 'शार्कांचे फिशफिंगर' एवढं पुरे. प्रश्न उरतो मीटहायचा.

मालवणी_मसाला

शार्क कशाला, आपल्याकडे शब्द आहे की! कोळी मुशी म्हणतात, मालवणात मोरी. 'मुशीच्या तुकड्या' लिहा, गिरगावातल्या माणसाला लगेच कळेल.

खिडकीतून

कळेल, पण वेगळंच. मुशी आपण बाजारातून आणतो आणि तिचं सुकं करतो. तिला कुणी घाबरत नाही. भिंतीवरच्या शार्कचे दात दिसले पाहिजेत, नाहीतर त्याचे फिशफिंगर होण्यात गंमत काय? शिवाय मोरी म्हटलं की अर्ध्या चाळीला न्हाणीघर आठवेल.

'तुकड्या' तर मुळीच नको. मालकाच्या तुकड्या म्हटलं की खुनाची धमकी झाली. फिशश्टेपशेन हे पोरांचं खाणं आहे, फ्रीजरमधलं, खोक्यात ओळीने लावलेलं, वरून ब्रेडचा चुरा. आणि शेवटचा 'शेन' वस्तूला लहान करतो, काठीची काडी. एवढा मोठा शार्क बालवाडीच्या ताटात. धार आहे, पण रक्त नाही. मुंबईत फिशफिंगर सगळ्यांना माहीत आहे, तोच शब्द राहू द्या.

ढोबळमानाने

मग 'भाडेखाऊ शार्कांचे फिशफिंगर'. कसं?

अनुस्वार

हे भारी आहे! भाडेखाऊ आणि भाडखाऊ, दोन्ही एकदम ऐकू येतात. भिंतीवरच्या भाषेत असाच डबल बार पाहिजे.

खिडकीतून

ऐकू येतात हाच माझा आक्षेप आहे. भाडखाऊ ही जड शिवी आहे, आणि त्यातलं 'भाड' घरभाड्याचं नव्हे, वेश्येच्या कमाईचं. मूळ शब्द संपादकीयात चालतो, तुमचा शब्द घरात आईसमोर चालत नाही. अनुवादाने आवाज दोन पट्ट्या वर नेला. 'घरभाडं गिळणारे शार्क' असं काहीतरी बघा.

अनुस्वार

'गिळणारे' अगदी पाठ्यपुस्तकी. मूळ घोषणेत श्लेष आहे ना? शार्क हा मासाही आहे आणि मालकही. मराठीत शार्क म्हणजे मालक हे रूपक कुणाच्या डोक्यात नाही, आपल्याकडे मालक जळू असतो नाहीतर गिधाड. चित्रात शार्क आहे म्हणून जळू लिहिता येत नाही. म्हणजे एक श्लेष आपण आधीच गमावलाय. त्याच्या बदल्यात दुसरा मिळत असेल तर घ्यावा.

खिडकीतून

भरपाईचं तत्त्व मान्य. पण विनोदाच्या जागी विनोद द्या, शिवी नको.

अनुस्वार

भिंतीवर मंजुळ बोलायचं असतं का?

भिंतीला_कान

या वादात मी नाही. फोटोंबद्दल बोलतो, कारण निम्मा अर्थ तिथे सांडलाय.

फोटो ९ आधी. तो कापला गेलाय म्हणून अॅप फसलं. मोठ्या अक्षरांतला DIE हा जर्मनमध्ये नुसता 'ती/ते' आहे, नामाच्या आधी लागणारा. इंग्रजीत तोच 'मर'. वाक्य अर्धं आणि भाषा 'आपोआप ओळखा'वर ठेवली की असला गोंधळ होतो. भाषा हाताने जर्मनवर ठेवा. आणि अॅपला फोटो देऊ नका, अक्षरं स्वतः टाइप करून द्या. स्टेन्सिलमध्ये अक्षराच्या आतला भाग गळून पडू नये म्हणून पत्र्यात पट्ट्या सोडतात, त्यामुळे O, A, R मध्ये फटी दिसतात आणि अॅप भलतंच अक्षर वाचतं. Ä वरचे ठिपके तर पावसाने किंवा लांबून मारलेल्या फवाऱ्याने पुसट होतात, आणि ठिपके गेले की शब्दच बदलतो. घोषणा ओळखीची वाटली तर अवतरणचिन्हांत टाकून शोधा, म्हणजे तीच आणखी कुठे, कुठल्या साली दिसली ते कळतं:

```
"Miethaie zu Fischstäbchen"
"Die Häuser denen, die drin wohnen"
```

दुसरी ओळ तुमच्या फोटो ९ची आहे. फ्रेमच्या उजव्या कडेला D चा पाय दिसतोय, म्हणजे पुढे 'डी द्रिन वोनेन' असणार.

आता फोटो ४. शार्कच्या नाकावर जांभळ्या-पिवळ्या पोस्टरचा फाटका कोपरा आहे. ते 'डॉयचं वोनेन उंड को एन्टआइग्नेन' मोहिमेचं दिसतंय. तीन हजारांपेक्षा जास्त घरं असलेल्या कंपन्यांची घरं सार्वजनिक मालकीत घ्या, ही मागणी. २६ सप्टेंबर २०२१ला त्यावर जनमत झालं, निम्म्याहून जास्त मतं बाजूने पडली, पण ते बंधनकारक नव्हतं. कोपरा रंगाच्या वर आहे, खाली नाही. म्हणजे शार्क पोस्टरच्या आधीचा. 'जनमताच्या वेळी काढलेला शार्क' असं कॅप्शनमध्ये लिहू नका. तो किती आधीचा हे या फोटोवरून सांगता येत नाही.

रेषारंग

ओळ ९ टाइप केली. आता अॅप म्हणतं 'घरे त्यांना जे आत राहतात'. अर्थ कळला, पण हे काय मराठी आहे?

खिडकीतून

ही मराठीत आधीच लिहून झालीय. 'कसेल त्याची जमीन' आठवा. त्याच चालीत 'राहील त्याचं घर'. जर्मन वाक्याच्या मुख्य भागातही क्रियापद नाही, फक्त 'घरं त्यांची, जे आत राहतात' असा निवाडा आहे. सहा शब्दांचं तीन शब्दांत आलं आणि काही सांडलं नाही. असा योग रोज येत नाही.

पागडीवाले_काका

राहील त्याचं घर म्हणे! आमच्या मालकाने चौदा वर्षं छत दुरुस्त केलं नाही, आणि आता पुनर्विकासात आम्हाला किती फूट देणार ते कागदावर द्यायला तयार नाही. पागडीवाल्याचा हक्क नक्की किती? कुणाला माहिती आहे का? १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात काय म्हटलंय?

भिंतीला_कान

काका, त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल. पण तुमच्या प्रतिसादाने एक गोष्ट दाखवली. 'राहील त्याचं घर' वाचल्यावर मुंबईच्या माणसाला बर्लिन नाही, पागडी आठवते.

खिडकीतून

त्यात बिघडलं काय? 'कसेल त्याची जमीन' म्हटलं की कूळकायदा आठवतो, १ एप्रिल १९५७चा कृषक दिन आठवतो. कुळाला खरंच जमीन मिळाली, म्हणून त्या घोषणेला जिंकल्याचा सूर आहे. बर्लिनच्या भिंतीवरच्या ओळीला तो नाही. ती रिकामी पडलेली घरं ताब्यात घेऊन राहणाऱ्यांच्या चळवळीची आहे, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पोलिसांनी बाहेर काढलं. म्हणून ओळ तीच ठेवा, पण खाली चार शब्द जोडा: 'ताबा घेतलेल्या घरांची घोषणा'. पंधरा शब्दांत बसतं.

रेषारंग

बसलं. आता ३६. ढोबळमानाने म्हणतात टोळी.

सुलभाताई

छत्तीसचा आकडा! शेजाऱ्याशी भांडण असेल.

खिडकीतून

ताई, हसू आलं, पण नेमका हाच धोका आहे. मराठी वाचकाला नुसता '३६' दिला तर दहातले नऊ जण भांडणच वाचतील, आणि कॅप्शनमध्ये काही लिहिलं नसेल तर प्रदर्शनभर तोच अर्थ फिरेल.

टोळी होती हे खरं, पण तिने नाव ज्यावरून घेतलं ते आधी. पश्चिम बर्लिनमध्ये पत्त्यात '१००० बर्लिन ३६' असं लिहायचे. ३६ हा टपाल विभाग, क्रॉइत्सबर्गचा पूर्वेकडचा भाग. पश्चिमेकडचा ६१. १ जुलै १९९३ला जर्मनीत पाच आकडी पिनकोड आले आणि ३६ सरकारी कागदावरून गेला. भिंतीवरून गेला नाही. ओरानियेनश्ट्रासेवरचा क्लबही १९७८पासून 'एसओ ३६' याच नावाने आहे, एसओ म्हणजे आग्नेय. त्यामुळे हा आकडा टोळीचा, क्लबचा की नुसत्या मोहल्ल्याच्या अभिमानाचा, ते एकट्या आकड्यावरून ठरत नाही.

मुंबईकराला समजावणं सोपं आहे. आपणही पाकिटावर 'दादर, मुंबई २८' लिहितो. पूर्वेला १४, पश्चिमेला २८. पुलाच्या दोन्ही बाजूंना एकमेकांबद्दल काय वाटतं ते वेगळं सांगायला नको.

ढोबळमानाने

बरं, टोळी मागे घेतो. पण मग ३६ आणि ६१ यांच्यात आकडा छत्तीसचाच होता की नाही?

खिडकीतून

होता! तिथे म्हणच होती, '३६ ब्रेन्ट, ६१ पेन्ट'. ३६ पेटतंय, ६१ झोपलंय. ३६ दंगे-मोर्च्यांचा, ६१ जरा शांत, बऱ्या वस्तीचा. 'पेन्ट' हा झोपण्याचा टपोरी शब्द आहे, आणि यमक सगळं काम करतं.

अनुस्वार

'छत्तीसला जाळ, एकसष्टला जांभई.'

खिडकीतून

हे घ्या. यमक गेलं, पण ज ला ज आला, आणि झोपेचा टपोरीपणा जांभईत उतरला. मी स्वतः इतकं चांगलं केलं नसतं.

रेषारंग

मग १३ खाली: '३६: पूर्व क्रॉइत्सबर्गचा जुना टपाल क्रमांक, जसा आपला मुंबई २८.' म्हण वेगळ्या कार्डावर. राहिली मांजर.

भिंतीला_कान

मांजर सर्वात अवघड आहे आणि अक्षरांमुळे नाही. चार अक्षरं इंग्रजी घोषणेची आहेत, 'सगळे पोलीस हरामी' अशा अर्थाची. ती जगभर फिरतात. कुठे १३१२ असाही आकडा दिसतो, अक्षरांच्या क्रमांकांवरून. जर्मनीत तिचा खटलाही झाला. २०१६च्या मे महिन्यात तिथल्या घटना न्यायालयाने म्हटलं की नुसती ही अक्षरं मिरवणं म्हणजे ठरावीक पोलिसांचा अपमान नव्हे, समोर ओळखता येणारा गट असावा लागतो. याच अक्षरांचे विनोदी विस्तारही आहेत. जर्मनमध्ये 'आठ कोला, आठ बिअर', आणि इंग्रजीत 'सगळ्या मांजरी सुंदर'.

तर मांजर ही विनोदाची दुसरी बाजू आहे हे नक्की. एकाच माणसाने दोन्ही काढलं असेल तर ती पोलिसांना डोळा मारलेली आहे: पाहा, आम्ही तर मांजरींबद्दल बोलतोय. पण अक्षरं आधी होती आणि मांजर नंतर कुणी दुसऱ्याने काढली असेल तर ती उत्तर आहे, शिवी बोथट करणारं. दोन्हीचं मराठी वेगळं होईल.

ढोबळमानाने

कसं कळणार कुणी काढलं?

भिंतीला_कान

रेघांवरून. स्प्रेचं टोपण बदललं की रेघेची जाडी आणि कडेची धूसर किनार बदलते. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बघायचं कुठली अखंड आहे. अखंड ती नंतरची. रंग एकच असेल तर चमक बघायची, जुना रंग निस्तेज होतो. या फोटोत मांजरीची शेपटी B पर्यंत गेलीय. ती B च्या वरून जाते की खालून, तेवढं कळलं तर उत्तर मिळेल. तुम्ही इथे टाकलेला फोटो लहान केलेला आहे, मूळ फाइल हवी.

पुढच्या वेळी मित्राला सांगा: एक फोटो पूर्ण भिंतीचा, फुटपाथ आणि घरक्रमांकासकट. दुसरा समोरून सरळ. तिसरा छेदांचा, एक हात अंतरावरून, उन्हाच्या तिरप्या उजेडात. आणि सुंदर फ्रेमसाठी अक्षरं कापायची नाहीत. फोटो ९ मध्ये तेच झालं.

रेषारंग

मूळ फाइल मिळाली. शेपटी जिथे B ला भेटते तिथे अगदी वर एक स्टिकर चिकटवलाय. कोणत्या तरी फुटबॉल क्लबचा असावा. खालचं काही दिसत नाही.

अनुस्वार

वा! तिसऱ्याने येऊन पुरावा झाकला.

रेषारंग

मग १७ खाली काय लिहू?

खिडकीतून

अक्षरं मराठी करू नका. 'पोलीस हरामखोर' लिहिलंत तर घोषणा सरळ शिवी होते आणि मांजर चित्रातली शोभा होऊन बसते. दोन्ही विस्तार द्या आणि निवाडा वाचकावर सोडा: 'ACAB: पोलिसांना शिवी. किंवा, मांजरीला विचाराल तर, सगळ्या मांजरी सुंदर.' दहाच शब्द.

मालवणी_मसाला

आणि फोटो ४चं काय ठरलं? भाडेखाऊ की गिळणारे?

रेषारंग

दोन कार्डं छापलीत. 'भाडेखाऊ शार्कांचे फिशफिंगर' आणि 'घरभाडं गिळणाऱ्या शार्कांचे फिशफिंगर'. हॉलच्या व्यवस्थापकांना पहिलं दाखवलं, ते दोन सेकंद गप्प राहिले आणि म्हणाले, 'त्यातला डे नीट छापलाय ना?'

अनुस्वार

म्हणजे श्लेष पोचला.

खिडकीतून

म्हणजे शिवी पोचली.